आठ रुपयेवाला चौदा रुपयेवाल्याच्या वर कसा? गूगलच्या जाहिरात-लिलावातला दर्जा आणि क्लिकचा भाव

जळगाव-धुळ्याकडे गूगलवर पहिल्यांदा जाहिरात लावणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, मी चौदा रुपयांची बोली लावलीय, तरी आठ रुपयांची बोली लावणारा माझ्या वर कसा? आणि त्याला क्लिकही स्वस्तात कसा पडतो?" मग बहुतेक जण बोली अठरा करतात, पुढे बावीस करतात. पैसे भराभर संपतात आणि जागा फारशी बदलत नाही. गूगलच्या शोध-जाहिरातींत बोलीइतकंच वजन दर्जाला आहे, आणि क्लिकचा भावही या दोन्हींच्या हिशेबातून निघतो. हा हिशेब एकदा हाताने मांडून पाहिला की पुढची सगळी कामं कोणत्या क्रमाने करायची ते आपोआप कळतं.

उदाहरण म्हणून एक रोपवाटिका धरू. फैजपूर-सावद्याकडची, टिश्यूकल्चर केळीची G9 रोपं विकणारी. गिऱ्हाईक जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतलं, थोडं पलीकडे बऱ्हाणपूरचंही. रोपवाटिका कल्पनेतली आहे आणि पुढचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

लिलाव नेमका कशाचा होतो

बाजार समितीत मालाचा लिलाव होतो तेव्हा चढी बोली लावणारा माल नेतो आणि जेवढी बोली तेवढेच पैसे मोजतो. गूगलचा लिलाव या दोन्ही बाबतींत वेगळा आहे. इथे सगळ्यात जास्त बोली लावणारा वर जाईलच असं नाही, आणि जो वर जातो त्याला आपली पूर्ण बोली सहसा भरावी लागत नाही.

यावलच्या एखाद्या शेतकऱ्याने मोबाइलवर 'केळी रोपे जळगाव' असं शोधलं की त्याच क्षणी एक लिलाव होतो. दोन मिनिटांनी शिरपूरच्या दुसऱ्या शेतकऱ्याने तेच शोधलं तर तो नवा लिलाव. प्रत्येक लिलावात गूगल प्रत्येक जाहिरातीचा ॲड रँक काढतं. त्यात तुमची बोली असते, त्या क्षणी मोजलेला जाहिरातीचा आणि पानाचा दर्जा असतो, शोधणारा कुठे आहे, कोणत्या फोनवर आहे, किती वाजलेत, त्याने नेमके कोणते शब्द लिहिलेत हे असतं. फोन नंबर, पत्ता, जादा लिंक असे जे जोड तुम्ही जाहिरातीला लावलेत त्यांचा अपेक्षित परिणामही असतो. शिवाय एक किमान पातळी असते; तिच्या खाली ॲड रँक गेला तर त्या जागी जाहिरात दिसतच नाही. ज्या जाहिरातीचा दर्जा कमी, तिच्यासाठी ही पातळी आणखी उंच असते.

म्हणूनच तुमची जाहिरात दुपारी तुमच्या फोनवर दुसरी दिसते आणि संध्याकाळी मेव्हण्याच्या फोनवर दिसतच नाही. त्यात बिघाड काही नसतो. स्वतः वारंवार शोधून जागा तपासू नका. तुम्ही पाहता पण क्लिक करत नाही, त्यामुळे स्वतःचेच आकडे बिघडतात. आकडे खात्यातच पाहायचे.

हिशेब कागदावर मांडू

खरं सूत्र गूगलने पूर्ण उघड केलेलं नाही. पण नवख्याला समजण्यापुरता हा सोपा हिशेब पुरेसा आहे, आणि दिशा बरोबर दाखवतो:

```
ॲड रँक = बोली × दर्जा
क्लिकचा भाव = खालच्याचा ॲड रँक ÷ आपला दर्जा
```

म्हणजे तुम्हाला एवढेच पैसे लागतात की खालच्या जाहिरातीच्या जेमतेम पुढे राहता येईल. खाली कोणीच नसेल, किंवा खालचा किमान पातळीपर्यंत पोहोचत नसेल, तर त्या किमान पातळीला तुमच्या दर्जाने भागायचं. वर पैसा-दोन पैसे येतात, ते आपण सोडून देऊ.

चार जाहिरातदार धरा. आपली फैजपूरची रोपवाटिका: बोली 8 रुपये, दर्जा 7, ॲड रँक 56. दुसरी एक रोपवाटिका: बोली 10, दर्जा 5, ॲड रँक 50. तिसरा, रोपांपासून खतापर्यंत सगळंच ऑनलाइन विकणारा: बोली 14, दर्जा 3, ॲड रँक 42. चौथा: बोली 6, दर्जा 4, ॲड रँक 24. वरच्या जागांसाठी किमान पातळी 30 धरू.

क्रम लागला: आपण पहिले, मग 50 वाला, मग 42 वाला. 24 वाला पातळीखाली राहिला, वर दिसणार नाही. आता भाव. आपल्याला दुसऱ्याच्या 50 च्या पुढे राहायचंय, आपला दर्जा 7, म्हणून 50 भागिले 7, म्हणजे सुमारे 7 रुपये 14 पैसे. दुसऱ्याला 42 भागिले 5, म्हणजे 8 रुपये 40 पैसे. तिसऱ्याच्या खालचा पातळीच्या आत आहे, म्हणून त्याला 30 भागिले 3, म्हणजे 10 रुपये.

पुन्हा एकदा पाहा. चौदा रुपयांची बोली लावणारा तिसऱ्या जागेवर आहे आणि क्लिकला दहा रुपये भरतोय. आठ रुपयांची बोली लावणारा पहिल्या जागेवर आहे आणि सव्वासातच्या आत भरतोय. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या चार ओळींत आहे.

हाच हिशेब उलटा करा. आपला दर्जा 7 ऐवजी 4 असता तर पहिल्या जागेसाठी ॲड रँक 50 च्या वर न्यावा लागला असता, म्हणजे किमान साडेबारा रुपयांची बोली, आणि क्लिकचा भावही तेवढाच. 400 क्लिकला 5,000 रुपये. दर्जा 7 असताना त्याच जागेचे 400 क्लिक सुमारे 2,857 रुपयांत आले. फरक साधारण 2,143 रुपयांचा. तो निव्वळ दर्जाचा आहे.

दर्जा वाढला की भाव उतरतोच, असं नाही

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबून पाहू. बोली 8 रुपयेच ठेवा, समोरचे तिघेही तेच ठेवा आणि आपला दर्जा एकेक अंकाने चढवा.

दर्जा 4: ॲड रँक 32, तिसरी जागा, भाव 30 भागिले 4, म्हणजे 7 रुपये 50 पैसे. दर्जा 5: ॲड रँक 40, अजून तिसरीच जागा, पण भाव 6 रुपयांवर आला. दर्जा 6: ॲड रँक 48, आपण 42 वाल्याला मागे टाकलं, दुसरी जागा मिळाली, आणि भाव 7 रुपये झाला. दर्जा 7: पहिली जागा, 7 रुपये 14 पैसे.

5 वरून 6 वर गेल्यावर भाव एक रुपयाने वाढला, कारण आता आपल्याला वरच्या जागेवरच्या, जास्त ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहायचंय. काम नीट करूनही `Avg. CPC` चा, म्हणजे क्लिकच्या सरासरी भावाचा, आकडा वर गेलेला दिसला की माणूस घाबरतो आणि केलेलं सगळं परत फिरवतो. त्याआधी जागा बदलली का ते पाहायला हवं. `Search top IS` आणि `Search abs. top IS` हे दोन रकाने त्यासाठीच आहेत: शोधाच्या निकालांच्या वर किती टक्के वेळा दिसलो, आणि त्यातही अगदी पहिलं किती वेळा. हे वाढले असतील तर जादा रुपयाच्या बदल्यात वरची जागा मिळालीय. ती नको असेल, तर बोली उतरवून दर्जा 6 च्या जोरावर तिसरी जागाच पाच रुपयांत घेता येते: 30 भागिले 6.

पायरी पहिली: स्कोअर कुठे पाहायचा आणि तो कसा वाचायचा

कीवर्ड म्हणजे ज्या शोधांवर आपली जाहिरात दिसावी म्हणून तुम्ही खात्यात टाकलेले शब्द. खात्यात `Search keywords` च्या पानावर जा, `Columns` वर टिचकी मारा, `Modify columns` मध्ये `Quality Score` चा गट उघडा. त्यातले चार रकाने लावा: `Quality Score`, `Exp. CTR`, `Ad relevance`, `Landing page exp.` पहिला 1 ते 10 चा आकडा आहे. बाकीचे तीन त्याचे घटक आहेत आणि त्यांत `Above average`, `Average` किंवा `Below average` असं लिहिलेलं असतं.

पहिली गोष्ट, हा 1 ते 10 चा आकडा लिलावात वापरला जात नाही. लिलावाच्या क्षणी दर्जा नव्याने मोजला जातो, त्या शोधापुरता. हा स्कोअर म्हणजे कीवर्डची तब्येत कशी आहे ते सांगणारा आढावा. वरच्या हिशेबात मी दर्जाला 7, 5, 3 असे आकडे दिले ते समजावण्यासाठी. स्क्रीनवरचा 7 उचलून तुम्ही खरा भाव काढू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, तीनही घटक तुलनेने ठरतात. त्याच कीवर्डवर गेल्या 90 दिवसांत ज्यांच्या जाहिराती दिसल्या, त्यांच्याशी तुमची तुलना होते. म्हणजे तुम्ही काहीच बदललं नाही, पण कांदेबागेच्या हंगामाला दोन तगड्या रोपवाटिका मैदानात उतरल्या, तर तुमचं `Average` खाली घसरू शकतं.

तिसरी गोष्ट, आकड्याच्या जागी आडवी रेघ दिसली तर तो शून्य नव्हे. त्या कीवर्डवर अगदी नेमके जुळणारे शोध पुरेसे झालेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे केळीची लागवड मुख्यतः दोन वेळा होते, मृगबाग जून-जुलैत आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. रोपांचं बुकिंग त्याच्या आधी सुरू होतं. भर हंगाम सोडून रेघ दिसली म्हणून कीवर्ड काढून टाकू नका.

आणि एक गैरसमज इथेच मिटवून टाकू: बोली वाढवून स्कोअर वाढत नाही. वरच्या जागेवर क्लिक जास्त येतात हे खरं, पण `Exp. CTR`, म्हणजे क्लिक होण्याच्या शक्यतेचा घटक, काढताना जागेचा तो फायदा वजा केलेला असतो.

पायरी दुसरी: तुमचे पैसे खरंच कोणत्या शोधांवर चाललेत

स्कोअर पाहून झाला की लगेच जाहिरातीचा मजकूर बदलायला बसू नका. आधी `Search terms` चा अहवाल उघडा. तिथे लोकांनी प्रत्यक्षात लिहिलेले शब्द दिसतात. माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

आपल्या रोपवाटिकेने 'केळी' हा एकच शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे त्याच्याशी दूरान्वये संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा, ठेवलाय असं धरा. अहवालात काय येईल? 'आजचे केळी भाव रावेर', 'केळी करपा रोग औषध', 'केळी वेफर्स', 'केळी पीक विमा', आणि मध्येच कुठेतरी 'g9 केळी रोपे किंमत'. जळगाव जिल्ह्यात केळीचा भाव पाहणारे किती असतात ते सांगायला नको. त्यांना रोपं नकोत; त्यांची बाग कापणीला आलीय. असा माणूस चुकून क्लिक करतो, पान पाहतो, मागे जातो, आणि आपले सात रुपये गेले.

मग सरळ सुचतं ते असं की 'भाव' हा शब्दच नकारात्मक यादीत, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत, टाकावा. हे करू नका. 'केळी रोप भाव' शोधणारा तर तुमचं खरं गिऱ्हाईक आहे, तोच बुकिंग करणार आहे. एकटा 'भाव' टाकला तर तोही बाद होईल. त्याऐवजी पूर्ण शब्दसमूह अवतरण चिन्हांत टाका:

```
"केळी भाव"
"केळीचे भाव"
"केळी बाजारभाव"
"keli bhav"
"banana rate today"
```

अवतरण चिन्हांतला नकारात्मक कीवर्ड तेव्हाच अडवतो जेव्हा ते शब्द त्याच क्रमाने, एकमेकांना लागून येतात. 'केळी रोप भाव' मध्ये मधे 'रोप' आल्यामुळे तो शोध सुरक्षित राहतो. नकारात्मक कीवर्ड शब्दांची वेगवेगळी रूपं आणि समानार्थी शब्द आपोआप ओळखत नाहीत, म्हणून 'केळी' आणि 'केळीचे', देवनागरी आणि इंग्रजी लिपी, सगळं वेगवेगळं लिहावं लागतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही यादी टाकल्यावर 1 ते 10 चा स्कोअर वाढेल अशी वाट पाहू नका. तो स्कोअर तुमच्या कीवर्डशी हुबेहूब जुळणाऱ्या शोधांवरूनच काढला जातो, भलत्या शोधांचा त्यात हिशेबच नसतो. फायदा थेट खिशात होतो: फुकट जाणारे क्लिक थांबतात आणि तेच पैसे कामाच्या लिलावांत उतरतात.

याच वेळी ठिकाणाची सेटिंगही पाहून घ्या. `Presence or interest` असा पर्याय आधीपासून निवडलेला असतो, म्हणजे पुण्यात बसून जळगावच्या केळीबद्दल वाचणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. रोपं पोहोचवायचीत तर दुसरा, फक्त `Presence` चा पर्याय निवडा.

पायरी तिसरी: एका गटात एकच गरज

`Ad relevance` जिथे `Below average` दिसतं तिथे जवळजवळ नेहमी एकच दुखणं असतं. एकाच ॲड ग्रुपमध्ये, म्हणजे कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती एकत्र ठेवलेल्या गटात, चार वेगळ्या गरजांचे कीवर्ड कोंबलेले असतात आणि सगळ्यांना एकच जाहिरात दाखवली जाते.

आपल्या रोपवाटिकेसाठी मी निदान तीन गट करीन. पहिला, G9 आणि टिश्यूकल्चर रोपं शोधणाऱ्यांचा. दुसरा, रोपांचा भाव आणि बुकिंग विचारणाऱ्यांचा. तिसरा बऱ्हाणपूर भागातल्या हिंदी शोधांचा, 'केले का पौधा' वगैरे. त्यांना मराठी जाहिरात दाखवून उपयोग नाही, तिथे जाहिरातही हिंदी आणि पानही हिंदी हवं. कंदांपासून लागवड करणारा वेगळाच माणूस आहे. तुम्ही कंद विकत नसाल तर त्याच्या मागे लागू नका.

कीवर्ड निवडताना लोक कसं टाइप करतात ते पाहा. तोच शेतकरी एकदा 'टिश्यूकल्चर केळी रोपे' लिहितो, एकदा 'tissue culture keli rop', एकदा बोलून शोधतो. हे सगळं एकाच गटात चालेल, कारण गरज एक आहे.

नुसते कीवर्ड एका गटातून दुसऱ्या गटात हलवल्याने मात्र दर्जा वाढत नाही. वाढतो तो नव्या गटात त्या गरजेला साजेशी जाहिरात आणि पान दिल्यामुळे. गट पाडले आणि सगळीकडे जुनाच मजकूर चिकटवला, तर मेहनत वाया गेली.

पायरी चौथी: क्लिक का करावा, ते मजकुरात दिसू द्या

`Exp. CTR` म्हणजे ही जाहिरात दिसली तर क्लिक होण्याची शक्यता किती. शोध-जाहिरातीत तुम्ही 15 पर्यंत शीर्षकं देऊ शकता, प्रत्येकी 30 अक्षरांपर्यंत, आणि 90 अक्षरांची 4 वर्णनं. त्यातून एका वेळी जास्तीत जास्त तीन शीर्षकं आणि दोन वर्णनं दिसतात. देवनागरीत जागा लवकर भरते, म्हणून शब्द तोलून वापरावे लागतात.

'विश्वासाचं एकच नाव', 'दर्जेदार सेवा', 'आजच संपर्क करा' ही शीर्षकं सराफापासून शाळेपर्यंत कुणालाही चालतील. म्हणूनच ती इथे निकामी आहेत. त्यांच्या जागी हे पाहा: 'G9 टिश्यूकल्चर केळी रोपं', 'कांदेबागेचं बुकिंग सुरू', 'शेतापर्यंत पोहोच', 'रोपाचा आजचा भाव पाहा'. पहिल्यात शोधलेला शब्द आहे, दुसऱ्यात हंगाम, तिसऱ्यात सोय, चौथ्यात त्याच्या मनातला प्रश्न. हंगाम बदलला की दुसरं शीर्षक बदलायला विसरू नका. मे महिन्यात 'कांदेबाग' वाचणारा पुढे सरकतो.

खोटं आमिष दाखवून क्लिक वाढवू नका. 'अर्ध्या भावात रोपं' लिहिलं तर क्लिक येतील, पण पानावर तो भाव नसला की माणूस लगेच परत जाईल. प्रत्येक क्लिकचे पैसे तुम्हीच भरलेत आणि पुढे पानाचा दर्जाही घसरतो.

फोनचा जोड, ठिकाणाचा जोड आणि दोन-चार जादा लिंक जरूर लावा. त्यांचा अपेक्षित परिणाम ॲड रँकमध्ये मोजला जातो, पण 1 ते 10 च्या स्कोअरमध्ये तो दिसत नाही. स्कोअर हलला नाही म्हणून काढून टाकू नका.

पायरी पाचवी: क्लिकनंतर उघडणारं पान

आपल्याकडच्या खात्यांत पैसा सर्वांत जास्त इथे गळतो, असं माझं मत आहे. जाहिरात रोपांची आणि क्लिक केल्यावर उघडतं मुखपृष्ठ. तिथे सरकणारी मोठी चित्रं, 'आमच्याविषयी', संचालकांचा सत्काराचा फोटो. भाव कुठेच नाही. शेतात उभा असलेला माणूस एवढं शोधत बसत नाही.

रोपांसाठी वेगळं पान करा. वरच्याच भागात, बोटाने सरकवायच्या आधी, चार गोष्टी दिसायला हव्यात: वाण कोणता, एका रोपाचा भाव काय, पोहोच कुठेकुठे आणि कधी, आणि दाबला की लागणारा फोन नंबर. त्याखाली रोपं किती आठवडे हार्डनिंग केलेली आहेत, किमान किती रोपं घ्यावी लागतात, आगाऊ रक्कम किती, मर झाली तर काय करणार. एकराला किती रोपं लागतात हेही सांगा: पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर 43,560 चौरस फुटांना 25 ने भागून सुमारे 1,742. हा हिशेब पानावर असला की शेतकरी स्वतःच खर्च काढतो आणि फोन करतो तो बुकिंगसाठी.

वेग तपासायला PageSpeed Insights हे गूगलचं मोफत साधन आहे. पत्ता टाका, मोबाइलचा निकाल पाहा. त्यातला LCP हा आकडा, म्हणजे पानातला मुख्य मोठा भाग दिसायला लागलेला वेळ, अडीच सेकंदांच्या आत असावा. तो जास्त असला तर बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून थेट चढवलेले मोठे फोटो कारणीभूत असतात. ते लहान करा, सरकती चित्रं काढा आणि गावातल्या नेटवर्कवर, वायफाय बंद करून, पान स्वतः उघडून पाहा.

फरक पडला का, हे कसं ओळखायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख लिहून ठेवा. त्याच दिवशी मजकूर, पान आणि बोली तिन्ही बदलले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. स्कोअरचे `(hist.)` लिहिलेले रकाने लावले की जुने आकडेही तारखेनुसार दिसतात.

`Search lost IS (rank)` हा रकाना मला फार उपयोगी वाटतो. ॲड रँक कमी पडल्यामुळे किती टक्के संधी हुकल्या ते तो सांगतो. बोली तीच असताना हा आकडा खाली आला, तर दर्जा सुधारल्याची ती चांगली खूण आहे. अर्थात एखादा प्रतिस्पर्धी हंगाम संपवून निघून गेला असेल तरीही तो उतरतो, म्हणून `Auction insights` मध्ये समोर कोण आहे तेही पाहा. `Search lost IS (budget)` जास्त असेल तर गोष्ट वेगळी: दिवसाचं बजेट लवकर संपतंय, दर्जाचा तिथे दोष नाही.

हे सगळं मोजायचं असेल तर बोली आपल्या हातात हवी. `Maximize conversions` सारखी स्वयंचलित पद्धत लावली असेल तर दर्जा सुधारून वाचलेले पैसे ती आणखी चढ्या बोलींत, जास्त गिऱ्हाईक मिळवायला वापरू शकते, आणि तुम्हाला क्लिकचा भाव उतरलेला दिसणारच नाही. नवख्याने सुरुवातीला `Manual CPC` घ्यावं, किंवा `Maximize clicks` घेऊन त्यात कमाल बोलीची मर्यादा टाकावी.

काही ठिकाणी दर्जा वाढवायचा हट्ट सोडावा लागतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या नावावर बोली लावली तर शोधणाऱ्याला ती कंपनीच हवी असते. तुम्ही कितीही चांगलं पान केलं तरी `Exp. CTR` खालीच राहण्याची शक्यता जास्त, आणि क्लिक महागच पडणार. ते पैसे रोपांच्या कीवर्डवर लावा.

याच्या उलटही घडतं. 'केळी रोपे' या कीवर्डचा स्कोअर 7 आहे, 100 क्लिकना 714 रुपये लागले आणि बुकिंगचे 4 फोन आले असं धरा: एका फोनला सुमारे 179 रुपये. दुसरीकडे 'g9 केळी रोपे बुकिंग' चा स्कोअर 5, क्लिक 11 रुपयांचा, 100 क्लिकना 1,100 रुपये, पण फोन आले 12: एका फोनला सुमारे 92 रुपये. दुसरा कीवर्ड स्कोअरने कमी आणि क्लिकने महाग असूनही आपल्याला निम्म्या खर्चात गिऱ्हाईक देतोय. बजेट कमी पडलं तर पहिल्याचं कापा. हे दिसायला फोनची मोजणी चालू असावी लागते: जाहिरातीतून आलेला किती सेकंदांपुढचा फोन धरायचा ते तुम्ही ठरवू शकता, आणि 60 सेकंदांची मर्यादा आधीपासून लावलेली असते. पानावरून थेट लागणाऱ्या फोनसाठी आणि व्हॉट्सॲपच्या बटणासाठी वेगळा टॅग, म्हणजे मोजणीचा छोटा कोड, पानावर लावावा लागतो. आपल्याकडे बरीच बुकिंग व्हॉट्सॲपवरच होतात, तेव्हा तो आधी लावा.